वार लागला, पण गुण कोणाचा?

तलवारबाजीची लढत प्रथमच पाहणाऱ्या मनुष्याला खेळाडूंच्या चपळाईपेक्षाही अधिक बुचकळ्यात टाकतात ते यंत्रावरचे दिवे. दोन खेळाडू परस्परांवर झेपावतात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काहीतरी घडून जाते, एका बाजूस तांबडा आणि दुसऱ्या बाजूस हिरवा असे दोन्ही दिवे एकदमच लागतात, दोघेही आपलाच वार बसला अशा खात्रीने मूठ उगारून गर्जना करतात, आणि मध्यभागी उभा असलेला पंच क्षणभर थांबून, हातांच्या ठरावीक खुणा करीत, एकालाच गुण बहाल करतो. शेजारच्या पट्टीवर असेच दोन दिवे लागले असता दोघांच्याही नावावर एकेक गुण चढतो. आणि त्याच्या पलीकडच्या पट्टीवर कोणालाही काही न मिळता दोघे मुकाट्याने आपापल्या जागी परततात. तीन पट्ट्यांवर फॉईल, इपी आणि सेबर अशी तीन निरनिराळी शस्त्रे चाललेली असतात, आणि प्रत्येक शस्त्राचा कायदा स्वतंत्र आहे, एवढे ज्याला ठाऊक नाही त्याला पंच लहरी वाटला तर नवल नाही.

हा कायदा समजून घ्यावयाचा तर दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढून ठेवले पाहिजेत. वार प्रत्यक्ष लागला का, आणि लागला असेल तर योग्य जागी लागला का, हा पहिला प्रश्न. आणि दोघांचेही वार लागले असतील तर मानावयाचा कोणाचा, हा दुसरा. यंत्र येण्यापूर्वी या दोन्हींचा निवाडा माणसेच करीत असत. एक मुख्य पंच आणि चार सहायक असे मंडळ उभे राही. प्रत्येक खेळाडूच्या पाठीशी दोन सहायक उभे राहून समोरच्या खेळाडूच्या अंगावर वार बसतो की नाही याकडे नजर लावून असत, आणि मुख्य पंचाने विचारताच ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देत. सहायकाच्या मताला एक मोल आणि मुख्य पंचाच्या मताला दीड, असा हिशेब असे. म्हणजे दोघे सहायक एकमताने बोलले तर मुख्य पंचाचे मत पडे, आणि त्या दोघांत मतभेद झाला तर मुख्य पंचाचे मत चाले. ऑलिंपिकमध्ये १९३६ साली बर्लिनला इपीसाठी, १९५६ साली मेलबर्नला फॉईलसाठी आणि १९९२ साली बार्सिलोनाला सेबरसाठी विजेचे यंत्र आले, आणि पहिला प्रश्न माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेला. दुसरा प्रश्न मात्र इपीत मुळी उरलाच नाही, आणि फॉईल व सेबर या दोन शस्त्रांत तो आजही संपूर्णपणे पंचाच्याच अखत्यारीत आहे. या विभागणीतच या खेळाची सारी गंमत आणि सारे वाद साठवलेले आहेत.

आता शस्त्रांकडे वळू. फॉईल ही वजनाला जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, लवचीक पात्याची, केवळ टोकाने भोसकण्याची तलवार. तिने वार करण्याचे लक्ष्य म्हणजे धड, अर्थात छाती, पोट, पाठ आणि जांघेपर्यंतचा भाग. हात, पाय आणि मस्तक यांना तेथे मोल नाही. फक्त मुखवट्याच्या खाली गळ्यावर लोंबणारे कापड २००९ पासून लक्ष्यात धरले जाते. मर्यादा इतकी संकुचित का, याचे कारण या शस्त्राच्या जन्मात आहे. फॉईल हे मुळात लढण्याचे शस्त्र नव्हतेच. खऱ्या धारदार तलवारीची विद्या शिष्याला शिकवता यावी म्हणून फ्रान्समधील तालमींतून वापरात आलेले ते शिक्षणाचे साधन होते. तारेच्या जाळीचा मुखवटा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रचारात नव्हता; तेव्हा चेहऱ्याकडे टोक जाऊ देणे म्हणजे डोळा गमावणे होते, आणि म्हणून जेथे मर्मे आहेत त्या धडावरच वार करावा, तोही शिस्तीने व पाळीपाळीने करावा, असा शिरस्ता गुरूंनी घालून दिला. लक्ष्याची मर्यादा आणि वाराच्या क्रमाचा नियम ही एकाच गरजेची दोन अपत्ये आहेत, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इपीची कथा नेमकी उलट. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये द्वंद्वयुद्धाची चाल अजून जिवंत होती, आणि तालमीत फॉईल घेऊन वर्षानुवर्षे तयार झालेला सभ्य गृहस्थ खऱ्या मैदानात उतरला की त्याला कळे, की प्रतिस्पर्ध्याला त्याच्या छातीत रस नाही. सर्वांत पुढे असलेल्या मनगटावर वा बोटांवर एक ओरखडा निघाला, रक्त दिसले, की प्रतिष्ठेचा प्रश्न मिटला. या अनुभवातूनच त्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या तालमींत इपीचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला, आणि त्याचा नियम मैदानावरून उचललेला असल्यामुळे अगदी सरळ राहिला: डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्व शरीर हे लक्ष्य, आणि ज्याचे टोक आधी लागेल त्याचा गुण. शस्त्र ७७० ग्रॅमपर्यंत जड आणि पाते ताठ. मुठीपुढची वाटी चांगली मोठी, कारण हाताला सर्वांत अधिक धोका. तेव्हा इपीची लढत पाहताना दोघे खेळाडू दुरूनच घुटमळताना, मनगटाच्या आसपास टोक नाचवताना आणि मध्येच एकाने वाकून समोरच्याच्या बुटावर वार केलेला दिसला, तर त्यात भित्रेपणा वा विक्षिप्तपणा नाही. लक्ष्य जेवढे मोठे तेवढी सावधगिरी मोठी.

तिसरे शस्त्र सेबर. यात टोकाने भोसकण्याबरोबरच पात्याने छाटताही येते, आणि लक्ष्य कमरेच्या वरचे सारे शरीर: धड, मुखवट्यासह मस्तक, आणि मनगटापर्यंत दोन्ही हात. कमरेखालचा भाग वगळण्याचे कारण घोडेस्वाराची लढाई असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु आजचे हलके सेबर हे घोडदळाच्या जड तलवारीपेक्षा इटलीतील द्वंद्वयुद्धाच्या सेबरचे अधिक जवळचे वंशज आहे, तेव्हा घोड्याची ही उपपत्ती मला फारशी भक्कम वाटत नाही. आपल्याकडे या शस्त्राचे नाव घरोघर पोचले ते चेन्नईच्या भवानी देवीमुळे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सेबर खेळून त्या स्पर्धेत उतरणारी ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली, आणि ट्युनिशियाच्या प्रतिस्पर्धी महिलेविरुद्धचा पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वाराच्या अग्रहक्काकडे, येऊ. फॉईल आणि सेबर या दोन शस्त्रांत असे मानले जाते, की जो प्रथम आक्रमण सुरू करतो त्याला वार करण्याचा हक्क प्राप्त होतो, आणि ज्याच्यावर आक्रमण झाले त्याचे पहिले कर्तव्य बचाव करणे हे आहे. तलवार खरी असती तर समोरून छातीकडे येणारे टोक तसेच येऊ देऊन आपणही भोसकणे हा आत्मघात ठरला असता. शहाणा मनुष्य आधी ते टोक बाजूला सारील आणि मग उत्तर देईल. हा शहाणपणा कायद्याच्या रूपाने पक्का केला म्हणजे अग्रहक्काचा नियम होतो. आक्रमण म्हणजे काय, याचीही व्याख्या केलेली आहे: हात लांब करीत, प्रतिस्पर्ध्याच्या लक्ष्याला सतत धमकी देत, पुढचा पाय लांब टाकून लंज घेण्यापूर्वीच सुरू केलेली पहिली चढाई. केवळ पुढे धावत सुटणे म्हणजे आक्रमण नव्हे. हात आखडून धावणाऱ्यावर समोरच्याने आधी हात लांब केला, तर हक्क त्या दुसऱ्याचा होतो, आणि नवख्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त चकवणारी बाब हीच आहे. प्रतिस्पर्ध्याने आपल्या पात्याने आक्रमकाचे पाते अडवले, म्हणजे पॅरी केली, की हक्क तत्क्षणी त्याच्याकडे जातो आणि त्याने दिलेला उलटवार, म्हणजे रिपोस्ट, अग्रहक्काचा ठरतो. त्या रिपोस्टचीही पॅरी झाली की हक्क पुन्हा मूळ आक्रमकाकडे परततो. आक्रमण चुकून हवेत गेले तरीही हक्क संपतो. या संपूर्ण देवाणघेवाणीला खेळाडू ‘फ्रेज’ म्हणतात, आणि पंच हातांच्या खुणांनी जे सांगत असतो ते या फ्रेजचे क्रमवार निवेदनच असते: डावीकडून आक्रमण, उजवीकडची पॅरी, रिपोस्ट, गुण उजवीकडे.

या नियमांचा पीळ एका उदाहरणाने उलगडून पाहू. पंचाच्या डाव्या हाताचा खेळाडू, ज्याचा दिवा तांबडा, हात लांब करून पुढे येतो आणि लंज घेतो. उजवीकडचा, ज्याचा दिवा हिरवा, एक पाऊल मागे सरून स्वच्छ पॅरी करतो, पण उलटवार देण्यापूर्वी किंचित रेंगाळतो. तेवढ्या अवकाशात डावीकडचा मागे न हटता, लंजमध्ये राहूनच, टोक पुन्हा पुढे दाबतो आणि ते छातीवर लागते. त्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाने उजवीकडच्याचे रिपोस्ट त्याच्या छातीवर लागते. काय घडले हे तिन्ही शस्त्रांत अगदी एकच आहे. तरीही निकाल पाहा.

इपीत यंत्राने पहिला वार नोंदल्यापासून ४० ते ५० सहस्रांश सेकंदांची, म्हणजे सुमारे एक पंचविसांश सेकंदाची, मुदत दिलेली असते. त्या मुदतीत दुसरा वार आला तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण मिळतो, मुदत उलटली की यंत्र दुसऱ्या बाजूचे दार लावून घेते. आपल्या उदाहरणात दोन वारांत १०० सहस्रांश सेकंद गेले. म्हणून इपीत फक्त तांबडा दिवा लागेल आणि गुण डावीकडच्याचा. पॅरी केली होती, रिपोस्ट सुरेख होते, यांपैकी कशाचीही कोणी चौकशी करणार नाही. फॉईलमध्ये मात्र ही मुदत ३०० सहस्रांश सेकंद आहे, त्यामुळे दोन्ही दिवे लागतील. पंच फ्रेज सांगेल, डावीकडच्याचा दुसरा वार हक्काबाहेरचा ठरवून रद्द करील आणि गुण उजवीकडे देईल. सेबरमध्ये मुदत १७० सहस्रांश सेकंद. आपला उलटवार १०० ला पोचला असल्यामुळे तेथेही दोन्ही दिवे लागून गुण उजवीकडेच. पण हेच रिपोस्ट आणखी थोडे रेंगाळून २०० सहस्रांश सेकंदांनी पोचले असते, तर? फॉईलमध्ये निकाल बदलत नाही. सेबरमध्ये मात्र हिरवा दिवा लागणारच नाही, आणि अग्रहक्क उजवीकडे असूनही गुण डावीकडे जाईल. कारण जो वार यंत्राने नोंदलाच नाही त्याच्या हक्काचा विचार पंचाला करता येत नाही. हक्क किती काळ टिकेल याची सीमा अशा रीतीने विजेच्या एका घड्याळाने आखलेली आहे, आणि ती सीमा हलवली की साऱ्या खेळाची चालच हलते.

ती कशी हलते हे सेबरच्या बाबतीत उघड दिसले. विजेच्या सेबरची मुदत पूर्वी ३०० सहस्रांश सेकंदांच्या वर होती. २००४ नंतरच्या सुधारणेत ती एकदम १२० वर आणली गेली. त्यामुळे पॅरी करून उलटवार देणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण पॅरी कितीही सुंदर झाली तरी प्रत्युत्तर पोचेपर्यंत आक्रमकाचा दुसरा दाब लागून मोकळा झालेला असे आणि दिवा त्याचाच एकट्याचा लागे. बचाव करण्यापेक्षा आधी वार करून पळ काढणे परवडू लागले. पुढे २०१६ च्या ऑलिंपिकनंतर ही मुदत वाढवून १७० केली, आणि पॅरीला पुन्हा जीव आला. मला हा बदल न्यायाचा वाटतो. ज्या नियमाचा पायाच ‘आधी बचाव’ या तत्त्वावर आहे, त्या खेळात बचाव करणाऱ्याला हात पोचवण्याइतकाही अवधी न देणे म्हणजे एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेणे होते.

लक्ष्याच्या मर्यादेबाबतही असाच एक विलक्षण भेद आहे. समजा, डावीकडच्याने हक्काचे आक्रमण केले, पण त्याचे टोक मांडीवर लागले. आणि त्याच क्षणी उजवीकडच्याने बचाव न करता हात लांब करून त्याच्या छातीवर टोक लावले. इपीत मांडी आणि छाती सारखीच, तेव्हा दोघांनाही गुण. सेबरमध्ये मांडी लक्ष्याबाहेर असल्यामुळे यंत्र त्या वाराची दखलच घेत नाही, खेळ थांबत नाही, आणि एकटा दिवा उजवीकडचा लागून गुण त्याला मिळतो. फॉईलमध्ये मात्र लक्ष्याबाहेरच्या वारासाठी पांढरा दिवा आहे. डाव्या बाजूस पांढरा आणि उजव्या बाजूस हिरवा असे दोन दिवे लागतात, आणि पंच म्हणतो: आक्रमण लक्ष्याबाहेर, गुण कोणालाच नाही. छातीवर स्वच्छ वार लावणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण हक्क आक्रमकाचा होता आणि त्याने तो वापरला, भले चुकीच्या जागी वापरला असो; फ्रेज तेथेच संपली. फॉईल पाहणाऱ्यांच्या तोंडून सर्वांत अधिक हळहळ निघते ती या पांढऱ्या दिव्यावर. पण जुन्या तालमीचा विचार येथे किती सुसंगतपणे टिकून आहे पाहा: ज्याच्या मांडीत टोक रुतले आहे, त्याने त्यानंतरच्या क्षणी पराक्रम केला असे खऱ्या तलवारीपुढे कोण म्हणू शकेल?

यंत्राला धड आणि मांडी यांतला फरक कळतो कसा, हे जाणण्यासाठी पात्याच्या टोकापर्यंत गेले पाहिजे. इपीच्या पात्यावरील खोबणीतून दोन बारीक तारा टोकाशी गेलेल्या असतात आणि टोकाला स्प्रिंगवर बसवलेले एक बटण असते. एरवी या तारांचे मंडल तुटलेले असते. बटण दाबले गेले की ते जुळते आणि दिवा लागतो. स्प्रिंग इतकी ताठ हवी, की ७५० ग्रॅमचे वजन तिने उचलून धरले पाहिजे. म्हणून लढतीपूर्वी पंच इपी उभी धरून त्या टोकावर वजन ठेवतो, बटण दाबून सोडतो, आणि वजन वर उचलले जाऊन दिवा विझतो का ते पाहतो. शिवाय दीड मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या टोकाच्या फटीत घालून बटण कितपत आत जाते आणि कितव्या टप्प्यावर मंडल जुळते याची खातरजमा करतो. प्रतिस्पर्ध्याच्या वाटीवर किंवा धातूच्या पिस्टवर, म्हणजे खेळाच्या १४ मीटर लांबीच्या पट्टीवर, टोक दाबले गेले तर दिवा लागू नये यासाठी वाटी आणि पिस्ट जमिनीशी विजेने जोडलेली असतात.

फॉईलमध्ये हाच प्रकार उलटा बांधलेला आहे. तेथे पात्यात एकच तार असते, मंडल एरवी जुळलेले असते, आणि ५०० ग्रॅम वजन पेलणाऱ्या स्प्रिंगवरचे टोक दबले की ते तुटते. मंडल तुटले एवढेच कळले तर पांढरा दिवा लागतो; पण टोक जर प्रतिस्पर्ध्याच्या धडावर असेल, तर तेथे त्याने जरीच्या वस्त्रासारखे धातूच्या तंतूंनी विणलेले बिनबाह्यांचे जाकीट घातलेले असते, वीज त्या जाकिटात शिरून त्याच्या पाठीला चिमट्याने अडकवलेल्या तारेवाटे यंत्राकडे परतते, आणि रंगीत दिवा लागतो. अशा रीतीने धडाची सीमा ही जाकिटाची शिवण ठरते. पात्याचा धातू जाकिटाला चुकून टेकला असता घोटाळा होऊ नये म्हणून फॉईलच्या टोकाकडचा १५ सेंटीमीटरचा भाग चिकटपट्टीने गुंडाळून ठेवतात. या रचनेमुळे बिघाडांची लक्षणेही दोन शस्त्रांत भिन्न असतात. फॉईलची तार तुटली की मंडल आपोआपच तुटते आणि कोणी कोणाला न शिवता पांढरा दिवा पेटून बसतो. दोष स्वतःच आपली वर्दी देतो. इपीची तार तुटली तर मात्र काहीही दिसत नाही. खेळाडू वारावर वार लावीत राहतो, दिवा लागत नाही, आणि एखादा सावध खेळाडू हात वर करून शस्त्र तपासण्याची मागणी करीपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. घामाने जाकिटाचे तंतू गंजले की फॉईलमध्ये तिसराच प्रकार होतो: वार छातीच्या मध्यावर, आणि दिवा पांढरा. अशा वेळी पंच त्याच जागी टोक पुन्हा टेकवून पाहतो, आणि दोष सापडल्यास जाकीट बदलायला लावतो.

इपीचे मंडल केवळ दोन तारा जुळल्याने पूर्ण होते, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी त्याचा काही संबंध नसतो, या गोष्टीचा गैरफायदा एका मनुष्याने घेतला आणि तो प्रकार साऱ्या जगाने पाहिला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेच्या स्पर्धेत सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको हा मान्यवर खेळाडू ब्रिटिश चमूविरुद्ध इपी खेळत होता. या स्पर्धेत प्रत्येक लढत एकाच वारावर निकालात निघते. एड्रियन पार्करबरोबरच्या लढतीत वार लागल्यासारखे दिसले नसतानाही दिवा लागला, तेव्हा ब्रिटिशांच्या मनात संशय आला; पुढे जिम फॉक्सबरोबरच्या लढतीत फॉक्स मागे झुकून टोकापासून स्पष्टपणे दूर असताना पुन्हा दिवा लागला. फॉक्सने हरकत घेतली, ते शस्त्र तपासणीसाठी जप्त झाले, आणि मुठीच्या चामड्याआड लपवलेली एक कळ सापडली. ती दाबली की टोक न दबताही मंडल जुळत असे. ओनिश्चेंकोला अपात्र ठरवण्यात आले, त्याबरोबर सोव्हिएत संघाचा चमूही सांघिक स्पर्धेतून बाद झाला, आणि सांघिक सुवर्णपदक ब्रिटनने मिळवले. हीच लबाडी त्याने फॉईलमध्ये केली असती तर साधली नसती, कारण तेथे मुठीतून मंडल तोडले तरी फार तर पांढरा दिवा लागला असता. रंगीत दिव्यासाठी वीज प्रतिस्पर्ध्याच्या जाकिटातूनच फिरून यावी लागते, आणि ते जाकीट मुठीत लपवता येत नाही.

सेबरमध्ये टोकाला बटणच नाही. संपूर्ण पाते विद्युद्वाहक, आणि प्रतिस्पर्ध्याचे जाकीट, बाह्या आणि मुखवटाही विद्युद्वाहक. पाते त्यांतल्या कशालाही शिवले की दिवा. वार किती जोराचा होता हे ओळखणारे एक संवेदक यंत्र आरंभीच्या काळात सेबरच्या वाटीत बसवीत असत, परंतु ते भरवशाचे ठरले नाही आणि काढून टाकले गेले. तेव्हापासून हलका स्पर्श आणि सणसणीत छाट यांत यंत्राच्या लेखी काही अंतर राहिले नाही. स्पर्श इतका स्वस्त झाल्यामुळे सेबरमध्ये एकट्याचा दिवा लागणे कठीण आणि दोन्ही दिवे लागणे नित्याचे झाले आहे, आणि म्हणूनच तिन्ही शस्त्रांत पंचावर सर्वांत अधिक भार येथेच पडतो.

त्यातही सर्वांत अवघड प्रसंग अगदी आरंभीचा असतो. दोघे खेळाडू एकमेकांपासून चार मीटर अंतरावरच्या रेघांमागे उभे असतात. पंच फ्रेंच भाषेत ‘आले’ म्हणतो, आणि दोघेही एकाच वेळी पुढे सुटतात. पाय ओलांडून धावण्याला सेबरमध्ये मनाई आहे, तरीही बहुधा सेकंदभरातच दोन्ही दिवे लागलेले असतात, आणि पंचाने ठरवावयाचे असते की हात आधी कोणाचा लांब झाला, कोणाच्या पावलांत मध्येच खंड पडला, कोणाची छाट पुढचा पाय जमिनीला टेकण्याच्या आत पोचली आणि कोणाची त्यानंतर. कारण लंजमधील आक्रमण त्या क्षणापर्यंत पोचले तरच ते नियमशुद्ध मानले जाते. दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली असे पंचाचे मत झाले, तर तो दोन्ही हात एकदम पुढे करून दाखवतो, आणि गुण कोणालाही मिळत नाही. मोठ्या स्पर्धांत आता चित्रफितीचा पुरावा उपलब्ध असतो. निर्णय मान्य नसलेला खेळाडू फेरतपासणी मागू शकतो, आणि त्याची तक्रार रास्त ठरली तर पुढच्या मागणीचा त्याचा हक्क शाबूत राहतो. पण चित्रफीत संथ करून पाहिली तरी हात केव्हा ‘लांब होऊ लागला’ हे तिच्यावर लिहिलेले नसते. ते अखेर पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. तेवढे करूनही दोघांत भेद दिसला नाही, तर पंच गुण न देता दोघांना पुन्हा चार मीटर अंतरावरच्या रेघांमागे पाठवतो आणि तीच आज्ञा नव्याने देतो.